मदत हवी आहे: चेक परत गेलाय, दुकानदाराला पत्र कसं लिहू?

बागवाला_तासगाव:
औषध-खतांच्या दुकानाची १,८०,००० रुपयांची उधारी आहे. ५ जानेवारीचा चेक दिला होता. व्यापाऱ्याने पहिल्या तोडणीचे पैसे लांबवले आणि चेक परत गेला. बँकेचा मेमो १९ जानेवारीला दुकानदार अण्णांच्या हातात पडला. माणूस चांगला आहे, बारा महिने उधार देतो. नोटिशीपर्यंत जायला नको म्हणून हे लिहिलंय, बघून सांगा:

"अण्णा, चेक परत गेला, याची जबाबदारी माझीच. ३१ जानेवारीला ६०,००० आणि १० मार्चला, दुसऱ्या प्लॉटच्या तोडणीवर, १,२०,००० देतो. तोवर सांभाळून घ्या."

मिरजकर७२:
लेखी काही देऊ नका भाऊ. कबुली म्हणजे त्यांच्या हातात पुरावा. थोडे पैसे भरले की केस उभीच राहत नाही.

कोर्टातला_कारकून:
कबुली पुरावा होते, हे खरं. पण चेकवर सही तुमचीच आहे आणि उधारी खरी आहे, मग लपवणार काय? थोडे भरले की केस जाते, हे मात्र चूक.

खरी अडचण १० मार्चची आहे. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस काढली नाही, तर त्या मेमोवर अण्णांना चेक परत गेल्याची, कलम १३८ ची केस करता येत नाही. म्हणजे १८ फेब्रुवारी. तुमचं पत्र त्यांना त्यापुढे थांबायला सांगतंय. कुठलाही वकील त्यांना सांगेल, आधी नोटीस काढा. म्हणून थांबायच्या बदल्यात काहीतरी हातात द्या. ६०,००० बँकेतून पाठवा, रोख नको, आणि त्याच दिवशी जुना चेक परत घेऊन १० मार्चचा १,२०,००० चा नवा द्या. "सांभाळून घ्या" काढून तिथे हे लिहा. पण तोही परत गेला तर पुन्हा तेच कलम, म्हणून तोडणीच्या पैशाला आठवडाभर उशीर धरूनच तारीख घाला.

शेवंता_विटा:
मला एकाने दिलेला चेक परत आलाय, मेमोला दीड महिना झाला. माझं गेलं का?

कोर्टातला_कारकून:
ताई, चेकवरच्या तारखेपासून तीन महिने व्हायचे असतील तर परत भरा. पुन्हा परत आला तर नवा मेमो, नवे ३० दिवस.

बागवाला_तासगाव:
अण्णांशी बोललो. तारखा मान्य आहेत, पण पूर्ण पैसे येईपर्यंत जुना चेक सोडणार नाहीत म्हणतात.

कोर्टातला_कारकून:
मग ६०,००० मिळाल्याची नोंद त्यांच्या सहीने जुन्या चेकवरच करून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा. ती नसली आणि त्यांनी पुऱ्या १,८०,००० साठी चेक पुन्हा भरला, तर भांडण वाढेल. त्यांनाही हे सांगा. देणं १,२०,००० आणि चेक १,८०,००० चा, अशी केस त्यांच्यावरच उलटू शकते.

मिरजकर७२:
तरी मी म्हणतो, आधी वकिलाला दाखवा.

बागवाला_तासगाव:
उद्या नोंदीचं विचारतो. नाही म्हणाले तर सांगलीत वकिलाकडे जातो, १८ च्या आत.