मदत हवी आहे: डायनिंग टेबलचं व्हिनाईल कव्हर चिकट झालंय, वर कालवणाचे डाग

परळची_अपर्णा
फुलाफुलांचं, मीटरवर मिळतं ते व्हिनाईल कव्हर आहे. पाऊस सुरू झाल्यापासून हात टेकला की चिकटतो. पेपर ठेवला तर उचलताना अक्षरं उलटी उमटलेली असतात. त्यात रविवारी सुरमईचं कालवण सांडलं, पिवळा डाग राहिलाय. भांड्याच्या साबणाने पुसलं तर तो लालसर झाला! काय करू?

मालवणी_तडका
मशीनला गरम पाण्यात टाक, सोबत ब्लीच. आमचे टेबलक्लॉथ असेच निघतात.

परळची_अपर्णा
दादा, कापडाचं नाही हो, प्लास्टिकचं आहे.

नील_डोंबिवली
नेलपॉलिश रिमूव्हर. दोन मिनिटांत डाग गायब. आणि नंतर टाल्कम पावडर मारा, चिकटपणा जातो.

जुना_रंगारी
अपर्णाताई, रिमूव्हर नको. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर व्हिनाईल मऊ पडून खराब होतं, फुलं पुसली जातील. पावडरने हाताला बरं वाटतं, पण खालचा थर तसाच राहतो.

लाल रंगाला घाबरू नका. हळद साबणासारख्या अल्कलीत लाल होते, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं की परत पिवळी दिसेल. डाग मात्र तेवढ्याने जाणार नाही. हळद पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. सॅनिटायझर कापसावर घेऊन आधी टेबलाखाली लोंबणाऱ्या कडेवर लावून बघा. कापसाला फुलांचा रंग लागला तर थांबा. नाही लागला तर डाग टिपत जा, घासू नका. उरलेली पिवळी छटा उन्हात फिकी पडते, पण कव्हर दिवसभर तापवू नका, कडक होतं.

चिकटपणाचं आधी कारण बघा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून मऊ फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि पूर्ण वाळू द्या. फडक्याला तपकिरी मळ आला आणि चिकटपणा गेला, तर तो फोडणीच्या तेलाचा थर होता. फडकं स्वच्छ येतंय तरी हात चिकटतोय, तर व्हिनाईल मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आतून वर येतंय. ते पुसलं तरी पुन्हा येतं. मग कव्हर बदलायचं.

गिरगावची_मावशी
आमच्या सागवानी टेबलाचं पॉलिशच कव्हरला चिकटून आलं! कुणी काही सुचवेल का?

जुना_रंगारी
मावशी, तेही त्याच द्रव्यामुळे. ते पॉलिश मऊ करतं. आता पुन्हा पॉलिशच करावं लागेल, पण पुढच्या वेळी मध्ये सुती चादर घाला.

परळची_अपर्णा
पुसून पाहिलं. मळ भरपूर निघाला, बाकी सगळीकडे कोरडं लागतंय. जिथे गरम कुकर ठेवतो तो कोपरा मात्र अजून चिकट आहे, आणि तिथे फडकं स्वच्छच येतंय. सॅनिटायझरने डाग बराच फिका झाला, फुलं शाबूत. ऊन कुठून आणू, बाहेर धो धो चालू आहे.

नील_डोंबिवली
कोपऱ्यावर पावडर मारून बघाच.

जुना_रंगारी
कुकरने तापूनच तो कोपरा लवकर बिघडला असणार. कुकर लाकडी स्टँडवर ठेवा. बाकीचं कव्हर आठवड्याने पुन्हा चिकटलं का, ते कळवा.