मदत हवी आहे: नादारीचा अर्ज करावा की बँकेशी तडजोड?

माझ्यावर वैयक्तिक कर्ज आणि दोन क्रेडिट कार्डांचे मिळून ११ लाख रुपये थकले आहेत. पगार ४२,००० असून घर भाड्याचे आहे. हप्ते कमी करण्याची लेखी विनंती बँकेने नाकारली. ६ लाख एकरकमी भरून तडजोड करण्यास ती तयार आहे, आणि तेवढे पैसे नातेवाईक देतील.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग माझ्यासारख्या सामान्य कर्जदाराला अजून लागू नसल्याने, मुंबईत १९०९ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयातच अर्ज करावा लागेल, आणि मालमत्ता ऑफिशियल असायनीच्या ताब्यात जाईल, एवढे मला समजले आहे. मात्र न्यायालयाने मला कर्जमुक्त केले तरी जामीनदार सुटत नाही, आणि वैयक्तिक कर्जाला मोठा भाऊ जामीन आहे. माझी खरी काळजी तीच आहे.

तडजोडीच्या पत्रात कोणते शब्द असल्यास उरलेल्या रकमेसाठी बँक भावाकडे जाऊ शकणार नाही?