मदत हवी आहे: संत्रावाल्यांसाठी लिहिताना ‘तुम्ही’ की ‘आपण’?

मंडळी, मी नागपूरची, काटोलकडच्या संत्रा बागायतदारांसाठी आंबिया बहारावर लेख लिहून राहिले. वाचणारे पंचविशीतल्या पोरांपासून साठीच्या काकांपर्यंत, बागा सांभाळणाऱ्या बायकाही आहेत. ‘तू’ तर पहिलेच बाद केलं, कारण ‘पाणी देतोस’ की ‘देतेस’ तिथेच अडते, ‘तुम्ही देता’ सगळ्यांना चालते. मग मान म्हणून ‘आपण’ घेतलं अन् तिथेच फसली. ‘आपण पाणी देता’ म्हणजे वाचणारा, ‘आपण पाणी देतो’ म्हणजे सगळे मिळून, इथवर क्रियापद सांगते, पण ‘ताण तोडताना आपण पहिलं पाणी हलकं द्यावं’ यात कोण ते कळतच नाही. काकांनी वाचून विचारलं, तुमचीबी बाग आहे का? माझी बाग नाही ना!

आता सगळीकडे ‘तुम्ही’ करून ‘पाणी हलकं द्या’ असं लिहिलं, पण एका मोठ्या भावाला ते हुकूम सोडल्यासारखं वाटते, अन् ‘शेतकऱ्यांनी द्यावे’ केलं की सरकारी पत्रक होते. ‘द्या’ ठेवून सोबत कारण लिहिलं तर टोचणं कमी होईल का? तुम्ही अशा मिश्र वयाच्या वाचकांसाठी काय वापरता, एखादं वाक्य लिहून दाखवा न.