अनुभव धागा : 'काम झालेच नाही' म्हणणाऱ्या ग्राहकाला तुम्ही काय उत्तर दिलेत?

वाळवीवाला
ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला परवा ग्राहकाचे पत्र आले की काम झालेले नाही, सबब बिल देय नाही. ते वाचून आमचे एक जुने प्रकरण आठवले.

आम्ही पेस्ट कंट्रोल करतो. एका गोदामाचे वार्षिक कंत्राट होते. बिल थकले म्हणून तगादा लावला, तेव्हा त्यांच्या हिशेब विभागाने कळवले की त्या तिमाहीतील फवारणी झालीच नाही. आमच्या धंद्याची अडचण अशी, की वास गेला की कामाची खूणही जाते. मी उत्तरात फवारणीची तारीख, वेळ आणि गेलेल्या माणसांची नावे लिहिली, स्टोअरकीपरची सही असलेली सर्व्हिस स्लिप जोडली आणि त्यांच्याच गेटवरील नोंदवहीत त्या दिवसाचे पान पाहावे, अशी विनंती केली. मात्र खरे काम केले ते एका व्हॉट्सॲप संदेशाने. फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या व्यवस्थापकाने 'वास फार येतो आहे, पॅकिंगच्या बायका खोकत आहेत' अशी तक्रार केली होती. ती जोडून मी एवढेच विचारले, की फवारणी झाली नव्हती तर हा वास कशाचा होता? पैसे आले, पण थोडे कापून.

आपापले अनुभव लिहावेत.

सही_शिक्का
कुकर गॅसवर आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. त्यांनी टीडीएस कापला होता का? तुमच्या २६एएसमध्ये त्या बिलाची रक्कम दिसत असेल, तर काम झाल्याचे त्यांनी मान्य केले आहे. विषय संपला.

जमाखर्च
विषय इतक्यात संपत नाही. टीडीएस कापणे हा उपयोगी पुरावा आहे, पण केवळ त्यावरून देणे कबूल झाले असे न्यायालय मानेलच, असे नाही. त्याला जीएसटीची जोड द्यावी. सेवा मिळाल्याखेरीज इनपुट क्रेडिट घेता येत नाही आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. त्यांनी क्रेडिट घेतले की नाही हे आपल्याला खात्रीने कळत नाही, म्हणून आरोप न करता प्रश्न विचारावा. मी अशिलांना हे वाक्य घालायला सांगतो : 'सदर बिलावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट आपण घेतले आहे काय, आणि घेतले असल्यास सेवा मिळाली नाही हे आपले म्हणणे त्याच्याशी कसे जुळते, हे कृपया लेखी कळवावे.' हे पत्र हिशेब विभागाकडून त्यांच्या सीएकडे जाते आणि तिथे सूर बदलतो.

तुमची उद्यम नोंदणी आहे का? सूक्ष्म वा लघु उद्योगाने दिलेल्या सेवेबाबत १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार ती सेवा दिली त्याच दिवशी स्वीकारली गेली असे धरतात. त्यामुळे त्यांची पहिली लेखी हरकत कोणत्या तारखेची, हे उत्तरात ठळक लिहावे.

दुपारचा_चहा
माझेही असेच झाले! कुरिअर आलेच नाही आणि ॲपवर 'डिलिव्हर्ड' असे दिसते. मी पैसे का द्यावेत?

वाळवीवाला
ताई, आपण पलीकडच्या बाजूला आहात. :) तरी आपल्या उदाहरणावरून एक कळते : पोहोच कोणी घेतली, त्याचे नाव नसेल तर नुसत्या 'डिलिव्हर्ड' शेऱ्याला किंमत नाही. आमच्या स्लिपवरही नुसती रेघोटी असती, तर ती स्टोअरकीपरची की वॉचमनची, यावरच वाद झाला असता. आता सहीखाली नाव आणि हुद्दा लिहून घेतल्याशिवाय आमची माणसे गेटबाहेर पडत नाहीत.

उद्यम नोंदणी आहे, पण ती कंत्राटानंतरची आहे.

जमाखर्च
मग जपून. नोंदणी कामाच्या आधीची हवी की नाही, यावर वाद होत आले आहेत. समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेईल.

अनुवादिनी
माझ्या बाबतीत ग्राहक म्हणाला की फाइल मिळालीच नाही. मी पाठवलेली ईमेल पुढे पाठवली, तर 'ती आमच्या स्पॅममध्ये असेल, आम्ही पाहिली नाही' असे उत्तर आले. नंतर त्यांच्या माहितीपत्रकात माझीच वाक्ये छापलेली पाहिली. शेजारी माझी फाइल ठेवून दोन्हींचा फोटो पाठवला, तेव्हा म्हणाले की दर्जा चांगला नव्हता.

जमाखर्च
ते उत्तर जपून ठेवा. 'मिळाले नाही' सोडून 'चांगले नव्हते' म्हटले, की काम मिळाल्याचे त्यांनीच लिहून दिले. यापुढच्या पत्रात दर्जाच्या वादात शिरण्याआधी 'काम मिळाल्याचे आपण अमुक तारखेच्या ईमेलमध्ये मान्य केले आहे' हे पहिले वाक्य घाला. मूळ ईमेल खोडू नका, केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. प्रकरण न्यायालयात गेले, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

सही_शिक्का
आणि ग्राहक फक्त फोनवरच बोलत असेल, काही लिहीतच नसेल तर? आमचे एक बिल्डर तसेच आहेत.

वाळवीवाला
फोन ठेवल्यावर लगेच 'आत्ता आपण असे म्हणालात' असा संदेश मी पाठवतो. काही जण त्यालाही उत्तर देत नाहीत. त्यावर कोणाकडे उपाय असेल तर मलाही हवा आहे.