मदत हवी आहे: आलेखात शेड रेषेच्या कोणत्या बाजूला? (फोटो जोडलाय)

रामबागचे_बाबा (इंदूर)
मुलीचा परवा पेपर आहे, लवकर सांगा. शिकवणीच्या सरांनी दिलेल्या झेरॉक्सचा फोटो जोडलाय. रेषा नीट आली, पण शेड कुठे करायचं तिथे अडलंय. चिन्ह 'पेक्षा लहान'चं, म्हणून आम्ही रेषेखालची बाजू रंगवली. उत्तरात वरची रंगवलीय. उत्तर चुकलंय ना? हो की नाही एवढंच सांगा.

सयाजीगंज_ताई (वडोदरा)
दादा, फोटोवर मोबाइलची सावली पडलीय. गणित टाइप करून द्या. 2x च्या पुढे अधिक आहे की वजा? चिन्हाखाली आडवी रेघ आहे का? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगू?

खडाखडीत
यात विचारायचं काय? लहान असेल तर खाली, मोठं असेल तर वर. मी बारावीला असंच करून सगळे मार्क मिळवले. उत्तरं छापताना चुका होतातच.

छावणीकर (ग्वाल्हेर)
आमच्या मुलाचंही असंच झालं होतं. त्याचे सर नको असलेली बाजू रंगवायचे, म्हणजे चार-पाच रेषा असल्या की मधला कोरा भाग हेच उत्तर. त्यानंतर त्या भागाचे कोपरे काढून नफ्याच्या सूत्रात घालायचे. तुम्हीही कोपरे काढा.

रामबागचे_बाबा
@छावणीकर, आमच्याकडे एकच रेषा आहे हो, कोपरे कुठून आणू?
ताई, वजा आहे.
```
2x - 3y < 6
```
चिन्हाखाली रेघ आहे का ते कळत नाही. सरांच्या वहीची छापील ओळ नेमकी तिथूनच गेलीय.

सयाजीगंज_ताई
वजा आहे ना, मग तुमची रेषा x-अक्षाला 3 वर आणि y-अक्षाला -2 वर कापते का, ते आधी बघा. y-अक्षावर +2 आलं असेल, तर फोटोतला वजा तुम्ही अधिक वाचलाय.

आता (0, 0) घालून बघा: 0 - 0 म्हणजे 0, आणि 0 हा 6 पेक्षा लहान आहे. विधान खरं ठरलं, म्हणजे (0, 0) ज्या बाजूला आहे ती बाजू रंगवायची. रेषा y-अक्षाला -2 वर कापते, म्हणून (0, 0) तिच्या वर येतो. छापलेलं उत्तर बरोबर आहे.

खातरजमा हवी असेल तर तुम्ही रंगवलेल्या भागातला (3, -2) घ्या. 6 + 6 = 12, आणि 12 काही 6 पेक्षा लहान नाही. ती बाजू बाद.

खडाखडीत
म्हणजे माझा नियम चुकीचा? मला तर प्रत्येक वेळी बरोबर उत्तर आलं.

सयाजीगंज_ताई
y एकटा डावीकडे असेल तेव्हा तुमचा नियम बरोबर आहे. इथे y च्या मागे -3 आहे. y एकटा करायला -3 ने भागलं की चिन्ह उलटं फिरतं:
```
-3y < 6 - 2x
y > (2/3)x - 2
```
आता तुमच्याच नियमाने 'मोठं', म्हणून वर. मुलं भागतात, पण चिन्ह फिरवायला विसरतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी बिंदू घालून बघायला लावते.

छावणीकर (ग्वाल्हेर)
पण सरांनी नको ती बाजू रंगवली असेल तर? ते कसं ओळखायचं?

सयाजीगंज_ताई
चांगला प्रश्न. बिंदू खरा ठरतो ती उत्तराची बाजू. तीच बाजू कोरी असेल, तर सर नको ती रंगवतात. इथे (0, 0) रंगलेल्या भागात आहे, त्यामुळे तशी शंका नाही.

मराठीप्रेमी_इंदूर
आपल्याकडच्या हिंदी पुस्तकांत याला 'असमिका' म्हणतात. महाराष्ट्रात काय म्हणतात?

खडाखडीत
विषय भरकटवू नका. ताई, (0, 0) नेहमी चालतो का?

सयाजीगंज_ताई
रेषाच (0, 0) मधून जात असेल तर नाही. `y > 2x` मध्ये (0, 0) घातलं की 0 > 0 येतं आणि त्यातून बाजू कळत नाही. तिथे (1, 0) घ्या: 0 > 2 खोटं, म्हणून (1, 0) च्या पलीकडची बाजू.

रामबागचे_बाबा
मुलीने आत्ता स्वतः (0, 0) आणि (3, -2) घालून बघितलं, तिला पटलं. खालची शेड खोडतोय. आता रेषा अखंड काढू की तुटक? झेरॉक्समध्ये अखंड दिसतेय.

सयाजीगंज_ताई
नुसतं < असेल तर तुटक, खाली रेघ असेल तर अखंड. रेषेवरचा (3, 0) घाला, 6 < 6 येतं, ते खोटं. म्हणजे नुसत्या < मध्ये रेषेवरचे बिंदू उत्तरात येत नाहीत. बाजू दोन्ही वेळी तीच राहते, त्यामुळे शेडवरून हे कळणार नाही. आणि झेरॉक्समध्ये तुटक रेघांच्या फटी भरून जातात, तेव्हा रेषेवरही विसंबू नका. सरांची मूळ वही बघायला मिळेल का?

रामबागचे_बाबा
सकाळी शिकवणीला जाऊन वही बघून येतो. तोवर तिला पेन्सिलीने फिकट काढायला सांगितलंय.