मदत हवी आहे: व्हिक्टिम कॅशने वेळ उतरला, पण प्रीफेचने एकही मिस का कमी होत नाही?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी जळगावला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर चोपड्याला. वर्गात दिलेलं एक गणित आधी कागदावर सोडवलं आणि मग पडताळायला सी-मध्ये छोटा सिम्युलेटर लिहिला. दोन ठिकाणी अडकलोय.

८ केबीची डायरेक्ट मॅप्ड कॅश आहे. लाइन ३२ बाइटची, म्हणजे एकूण २५६ लाइन. हिटला १ सायकल लागते, मिस झाली तर खालून आणायला आणखी २०. प्रोग्रॅम एवढाच:

```c
int a[2048], b[2048];
for (i = 0; i < 2048; i++)
    sum += a[i] * b[i];
```

दोन्ही ॲरे बरोबर ८ केबीचे आणि मेमरीत लागून आहेत. त्यामुळे `a[i]` आणि `b[i]` एकाच जागेवर येऊन पडतात आणि एकमेकांना हाकलतात. ४०९६ वेळा वाचलं, ४०९६ मिस. सरासरी वेळ १ + २० = २१ सायकल. इथवर ठीक.

आता हाकललेली लाइन बाजूला ठेवायला एकाच लाइनची व्हिक्टिम कॅश लावली. दर १६ वाचनांत २ खऱ्या मिस राहतात आणि उरलेली १४ वाचनं व्हिक्टिममध्ये सापडतात. तिथून अदलाबदल करायला १ जादा सायकल धरली. माझं उत्तर १ + (२/१६ × २०) + (१४/१६ × १) = ४.३७५. सरांच्या वहीत ४.५ आहे.

दुसरी अडचण मोठी. व्हिक्टिम काढून टाकली आणि मिस झाली की पुढचीही लाइन आणायची, असं साधं प्रीफेच लावलं. मिस ४०९६ च राहिल्या! वर खालून येणाऱ्या लाइन ८१९२ झाल्या. दोन रात्री कोड तपासतोय, चूक सापडत नाही.

गिरणाकाठ_चाळीसगाव
भो, तुझं प्रीफेच उशिरा पोचत असणार. २० सायकल लागतात आणि तू एकच लाइन पुढची मागवतोस. दोन किंवा चार लाइन पुढून मागव. आमच्या प्रोजेक्टमध्ये अंतर वाढवल्यावरच फरक दिसला होता.

तापीकाठ
दादा, दोन करून पाहिलं, चारही करून पाहिलं. आकडा हलत नाही. आणि माझ्या सिम्युलेटरमध्ये प्रीफेच लगेच पोचतं असं धरलंय, उशिराचा प्रश्नच येत नाही.

रावेर_केळीवाला
माझी पण अशीच अडचण आहे म्हणून इथेच लिहितो. बागेतल्या ओलाव्याच्या नोंदींचं १०२४ × १०२४ चं इंटचं टेबल आहे. कॉलमप्रमाणे बेरीज केली की प्रोग्रॅम फार हळू चालतो, ओळीप्रमाणे केली की पटकन. माझ्या लॅपटॉपमध्ये व्हिक्टिम कॅश चालू करायची काही सेटिंग असते का?

भुसावळची_ताई
तापीकाठ, तुझा कोड बरोबर आहे. तो खरं तेच दाखवतोय.

पहिली चार वाचनं हाताने लिहून काढ. `a[0]` मिस, म्हणून a ची पहिली लाइन जागा ० वर आली आणि प्रीफेचने a ची दुसरी लाइन जागा १ वर ठेवली. मग `b[0]` मिस. b ची पहिली लाइन जागा ० वर आली आणि b ची दुसरी लाइन जागा १ वर, म्हणजे आत्ताच आणलेल्या a च्या दुसऱ्या लाइनच्या डोक्यावर. `a[1]` ला पुन्हा मिस, पुन्हा तेच. तू `a[8]` पाशी पोचतोस तेव्हा जागा १ वर b बसलेली असते. तुझे दोन ॲरे जसे एकमेकांना हाकलतात, तशीच त्यांची प्रीफेच केलेली लाइनही हाकलते. गिरणाकाठ म्हणतात तसं अंतर वाढवलं तरी भांडण दोन जागा पुढे सरकतं, मिटत नाही. वेळेवर पोचणं महत्त्वाचं असतं हे त्यांचं खरंच आहे, पण इथे आधी जागेची अडचण सुटायला हवी.

म्हणून आणलेला माल थेट कॅशमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या छोट्या बफरमध्ये ठेवायचा आणि मागणी आली तरच आत घ्यायचा. नॉर्मन जूपी यांनी १९९० च्या शोधनिबंधात व्हिक्टिम कॅश आणि असे स्ट्रीम बफर एकत्रच मांडले. ४ केबीच्या डायरेक्ट मॅप्ड डेटा कॅशला चार लाइनची व्हिक्टिम लावून प्रोग्रॅमगणिक २० ते ९५ टक्के कॉन्फ्लिक्ट मिस गेल्या. एवढा मोठा पल्ला का? कारण व्हिक्टिम फक्त नुकतंच हाकललेलं परत देते. तुझ्या प्रोग्रॅममध्ये दोनच जण भांडतात, म्हणून एक लाइन पुरली. तीन ॲरे असते तर दोन लागल्या असत्या.

आता ४.५ चं. तुझ्या हिशोबात खऱ्या मिसला व्हिक्टिम तपासायचा वेळ धरलेला नाही, म्हणजे दोन्हीकडे एकदमच विचारलं. सरांनी आधी व्हिक्टिम पाहिली, नाही मिळालं मग खाली गेले. प्रत्येक वाचनाला ती १ सायकल लागते: १ + १ + २.५ = ४.५. दोन्ही बरोबर, जर्नलमध्ये गृहीतक लिही.

रावेरभाऊ, अशी सेटिंग नसते आणि असती तरी तुमचं काम झालं नसतं. तुमची एक ओळ ४०९६ बाइटची. ३२ केबीच्या, ८-वे, ६४ बाइट लाइनच्या कॅशमध्ये एका कॉलमची सगळी घरं एकाच सेटमध्ये पडतात आणि तिथे आठच लाइन मावतात. भांडणारे १०२४ आहेत, चार लाइनची व्हिक्टिम काय करणार? लूप उलटे करा, आतला लूप ओळीवरून चालू द्या.

गिरणाकाठ_चाळीसगाव
ताई, पटलं. त्यांनी ओळींच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडली तर?

भुसावळची_ताई
तापीकाठच्या गणितात चालेल. `a[2048 + 8]` केलं की b एक लाइन पुढे सरकतो, भांडणच संपतं, आणि १ + २.५ = ३.५ येतात. जादा हार्डवेअर न लावता व्हिक्टिमपेक्षा कमी. रावेरच्या टेबलात मात्र एका कॉलमला १०२४ लाइन, म्हणजे ६४ केबी लागतात. जागा सोडून त्या पसरतील, पण ३२ केबीत मावणार नाहीत.

तापीकाठ
ताई, खूप आभार. रात्री व्हिक्टिमसोबत एक स्ट्रीम बफर लावला. शून्य फायदा! मग लक्षात आलं, a ची मिस बफर भरते आणि b ची मिस तो रिकामा करून स्वतःचा भरते. दोन बफर दिल्यावर खऱ्या मिस फक्त २ उरल्या. ३५८४ व्हिक्टिममधून, ५१० बफरमधून. बफरलाही १ जादा सायकल धरली तर सरासरी जवळजवळ २.

भुसावळची_ताई
छान. पण २ वर थांबू नकोस. १६ वाचनांना २ प्रमाणे ३२ सायकल लागतात आणि तेवढ्यात दोन लाइन यायला हव्यात. खालची मेमरी एका वेळी एकच मागणी पुरी करत असेल तर त्या दोघींना ४० सायकल लागतील. मग सरासरी २.५ च्या खाली जाणार नाही.

तापीकाठ
माझ्या सिम्युलेटरमध्ये वेळेचा हिशोबच नाही, फक्त मोजणी आहे. गणितातही मेमरी एकावर एक मागण्या घेते का, हे दिलेलं नाही. उद्या सरांना विचारतो.

रावेर_केळीवाला
लूप उलटे केले. पहिल्या आणि आताच्या वेळेत खूप फरक आहे. पण मला कॉलमची बेरीजच हवी होती, म्हणून १०२४ बेरजांचा वेगळा ॲरे ठेवला. तो ४ केबीचा आहे, कॅशमध्ये बसून राहतो ना?

भुसावळची_ताई
राहतो भाऊ. दर ओळीला तुम्ही त्याला पुन्हा हात लावता, म्हणून तो मागे पडत नाही.