मदत हवी आहे: पीएस४ स्लिमवर नवे गेम अजून नीट चालतात का? की प्रो घेऊ?

रंकाळा_साइड:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे पीएस४ स्लिम आहे. दिवाळीत घरी ४३ इंची ४के टीव्ही आला, तेव्हापासून ही शंका डोक्यात आहे. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक बरा चालतो. एल्डन रिंगमध्ये मात्र घोड्यावरून मोकळ्या मैदानात निघालं की चित्र अडखळत पुढं सरकतं. Video Output Settings मध्ये जाऊन रिझोल्यूशन ७२०पी करून बघितलं. चित्र धूसर झालं, अडखळणं तसंच राहिलं. राजारामपुरीत एकजण जुना पीएस४ प्रो विकतोय. तो घेतला तर सेकंदाला ६० फ्रेम मिळतील का? पीएस५ एवढे पैसे सध्या नाहीत.

पेठेतला_गोली:
भावा, डोळे झाकून प्रो घे. प्रोवर सगळं ४के आणि ६० चालतंय. पेटीवरच ४के लिहिलंय की!

सर्किट_काका:
गोली, पेटीवरचं ४के खरं आहे, पण ते टीव्हीला जाणाऱ्या सिग्नलचं. बरेच गेम आत १४४०पी ते १८००पीच्या आसपास चित्र काढतात आणि मग ते ताणून ४के करतात. ६० चा तर त्याच्याशी संबंधच नाही.

रंकाळा, ७२०पी करून फरक का पडला नाही ते सांगतो. त्या सेटिंगने फक्त बाहेर जाणारा सिग्नल लहान होतो. गेम आत आपलं १०८०पीच काढत बसतो, मग मशीन ते चित्र लहान करून टीव्हीला देतं. म्हणजे काम तेवढंच, वर चित्र खराब.

आता प्रोचं. स्लिमची ग्राफिक्स ताकद १.८४ टेराफ्लॉप, प्रोची ४.२, म्हणजे दुपटीहून जास्त. पण प्रोसेसर दोघांत त्याच जातीचा, आठ जॅग्वार कोर. स्लिममध्ये १.६ गिगाहर्ट्झवर पळतात, प्रोमध्ये २.१३ वर. वाढ साधारण एक तृतीयांश. म्हणून प्रोवर चित्र खूप सुधारतं, वेग थोडाच.

हिशोब करून बघ. ३० फ्रेमसाठी एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० साठी १६.७. समज, गर्दीच्या जागी शत्रूंची हालचाल, टक्कर वगैरे सांभाळायला स्लिमच्या प्रोसेसरला ३० मिलिसेकंद लागतात. तेच काम प्रोवर साडेबावीसमध्ये होईल. म्हणजे फार तर ४४ फ्रेम. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ४४ फ्रेम समान अंतराने बसत नाहीत. एखादी एकदा दिसते, पुढची दोनदा. ते स्थिर ३० पेक्षा डोळ्याला जास्त खुपतं.

गडहिंग्लज_१०:
मी अजून साध्या पीएस४ वर फुटबॉलचा एफसी खेळतो. १०८०पी, ६० फ्रेम, रोज संध्याकाळी चौघं जमतो, काही तक्रार नाही. पण नवी हायपरमोशनवाली चाल पीएस४ ला दिलेली नाही, आणि पीएस५ वाल्या मित्रांशी ऑनलाइन सामना लागत नाही. त्यांची पिढी वेगळी धरतात.

धूळभेट:
माझाही असाच अडखळत होता. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, एकदम लोण्यासारखा झाला. आधी ते कर, प्रो कशाला?

सर्किट_काका:
धूळभेट, तुमचा गेम बहुतेक नवा भाग डिस्कवरून उचलताना थांबत असणार. तिथे एसएसडीचा उपयोग होतो, लोडिंगही कमी होतं. पण प्रोसेसरच दमला असेल तर तिने फ्रेम वाढत नाहीत.

रंकाळा, घरी एक करून बघ. जिथे सारखं अडखळतं, तिथे उभं राहून कॅमेरा एकदम भिंतीकडे किंवा जमिनीकडे वळव. लगेच गुळगुळीत झालं, तर बहुधा ग्राफिक्सचा भार होता आणि तिथे प्रोचा फायदा होईल. भिंतीकडे बघूनही तसंच राहिलं, तर प्रोसेसरवर संशय घ्यायचा. पक्की चाचणी नव्हे, पण अंदाज येतो.

रंकाळा_साइड:
काका, आत्ता बघून आलो. भिंतीकडे तोंड केलं की थोडं सुधारतं, पूर्ण नाही. आणि रॅग्नारॉकचं काय? त्यात प्रोला वेगळा मोड आहे ना?

सर्किट_काका:
आहे. स्लिमवर तो १०८०पी आणि ३० ला बांधलाय, म्हणून तुला बरा वाटतो. प्रोवर परफॉर्मन्स मोडमध्ये ६० पर्यंत जातो, पण मारामारीत खाली येतो. एल्डन रिंगची गंमत अशी, की तिची पीएस४ ची आवृत्ती पीएस५ वर लावली की जवळपास कायम ६० वर राहते. गेम तोच, फाइल तीच, बदलला तो मशीनचा दम.

पेठेतला_गोली:
मग जीटीए ६ चं काय?

गडहिंग्लज_१०:
तो पीएस४ ला नाहीच. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजलाच जाहीर झालाय. सायबरपंकचा फँटम लिबर्टी भागही पीएस४ ला आला नव्हता.

रंकाळा_साइड:
धाकटा भाऊ जीटीएसाठीच थांबलाय. म्हणजे प्रो घेतला तरी तो प्रश्न राहतोच. राजारामपुरीवाला म्हणतोय, रविवारी घरी येऊन चालवून बघ. त्याच्याकडे रॅग्नारॉक आहे. जाऊन परफॉर्मन्स मोड लावतो. तिथे आणखी काय तपासू?

सर्किट_काका:
अर्धा तास तरी सलग चालव आणि पंख्याचा आवाज ऐक. त्याचा टीव्ही ४के असेल तर गेम सुरू असताना टीव्हीचं माहिती बटण दाब, २१६० दिसलं पाहिजे. डिस्क एकदा आत घालून बाहेर काढ. आणि प्रो आपल्या ४के टीव्हीला लावून बघता आला तर बघ, त्याचा टीव्ही १०८०पी असेल तर तुला चित्रातला फरक पुरता कळणार नाही.